दोघांत दुरावा, तिघांत संगनमत

जिन्यातल्या दिव्याला दोन बटणं असतात, एक खालच्या मजल्यावर आणि एक वरच्या. चढताना खालचं दाबून दिवा लावायचा, वर पोचल्यावर वरचं दाबून घालवायचा. आता नुसतं खालचं बटण बघून सांगा, दिवा लागलाय की नाही? सांगता येत नाही. खालचं बटण दाबलेलं असतानाही दिवा कधी लागलेला असतो, कधी विझलेला. वरच्या बटणाचंही तेच. पण दोन्ही बटणं कशी आहेत ते कळलं आणि वायरमनने जोडणी कशी केलीय ते माहीत असलं, तर दिव्याकडे न बघता पैजेवर उत्तर देता येतं. एकेकटं बटण मुकं, दोन मिळून बोलकी.

संभाव्यताशास्त्रात या गोष्टीने भल्याभल्यांना चकवलं आहे. तीन घटना अशा असू शकतात की त्यांतल्या कुठल्याही दोन घेतल्या तर त्यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नसतो, आणि तरीही तिघी मिळून एकमेकींना घट्ट बांधलेल्या असतात. हे समजायला दोन नाणी पुरतात.

एक रुपयाचं एक नाणं आणि दोन रुपयांचं एक, दोन्ही उडवायची. तीन घटनांवर लक्ष ठेवायचं. पहिली घटना म्हणजे रुपयावर छापा पडणं. दुसरी म्हणजे दोन रुपयांच्या नाण्यावर छापा पडणं. तिसरी म्हणजे दोन्ही नाणी सारखी पडणं, म्हणजे दोन्हींवर छापा किंवा दोन्हींवर काटा. एकूण शक्यता चारच: छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. नाणी चांगली असतील तर चारही शक्यतांना सारखाच वाव, प्रत्येकीला १/४.

पहिली घटना चारांपैकी दोन शक्यतांत घडते, म्हणजे तिची संभाव्यता १/२. दुसरीचीही तितकीच. तिसरी छापा-छापा आणि काटा-काटा या दोन शक्यतांत घडते, म्हणून तिचीही १/२. इथवर काही विशेष नाही.

दोन घटना स्वतंत्र आहेत हे ठरवायची कसोटी शाळेत शिकवतात ती: दोन्ही एकदम घडण्याची संभाव्यता ही त्यांच्या स्वतंत्र संभाव्यतांच्या गुणाकाराइतकी असली पाहिजे. इथे तो गुणाकार १/२ गुणिले १/२, म्हणजे १/४. पहिली आणि दुसरी घटना एकदम कधी घडतात? फक्त छापा-छापा पडल्यावर, म्हणजे १/४. कसोटी पास. पहिली आणि तिसरी? रुपयावर छापा हवा आणि नाणी सारखीही हवीत, तेव्हा परत छापा-छापाच. १/४. दुसरी आणि तिसरी? पुन्हा तेच. तिन्ही जोड्या कसोटीला उतरल्या.

आकडेमोड बाजूला ठेवूनही हे पटतं का ते बघू. रुपया उडवला, छापा पडला. दोन रुपयांचं नाणं अजून हवेत आहे. आता दोन्ही सारखी पडतील का? ते हवेतल्या नाण्यावर अवलंबून आहे आणि त्याचं मत अजून पन्नास-पन्नासच आहे. रुपयावर काटा पडला असता तरी उत्तर हेच आलं असतं. म्हणजे रुपयाचा निकाल कळून ‘सारखी पडतील का’ या प्रश्नाबाबत आपल्या ज्ञानात तसूभरही भर पडली नाही. स्वतंत्र असणं म्हणजे एवढंच.

आता तिन्ही घटना एकदम घेऊ. तिन्ही खरोखर स्वतंत्र असत्या तर तिन्ही एकत्र घडण्याची संभाव्यता १/२ चा तीनदा गुणाकार, म्हणजे १/८ यायला हवी होती. प्रत्यक्षात छापा-छापा पडलं की तिन्ही घडतात, आणि ते होतं १/४ वेळा. अपेक्षेच्या बरोबर दुप्पट. कारण उघड आहे: पहिल्या दोन घटना घडल्या की तिसरीला घडल्याशिवाय गत्यंतरच नाही. दोघींनी मिळून तिसरीचं भवितव्य पक्कं केलं, पण एकटीने कुणीच कुणाचं काही ठरवलं नाही.

अशा घटनांना जोडीजोडीने स्वतंत्र म्हणतात. परस्पर स्वतंत्र म्हणायचं तर तिघींच्या एकत्रित गुणाकाराची चौथी अटही पाळली गेली पाहिजे. तीन जोड्यांच्या तीन अटी आणि तिघींची एक, अशा चार. आणि ही चौथी अट पहिल्या तीन पाळल्या म्हणून आपोआप पाळली जात नाही, एवढंच या दोन नाण्यांनी दाखवून दिलं.

गणिताच्या पुस्तकांत हे उदाहरण सहसा सर्गेई बर्नश्टाइन या गणितज्ञाच्या नावावर असतं. ओडेसात जन्मलेले आणि बरीच वर्षं खार्कीवमध्ये शिकवणारे बर्नश्टाइन यांची आवृत्ती दिसायला जास्त देखणी आहे. चार त्रिकोणी बाजूंचा एक ठोकळा घ्यायचा. एक बाजू लाल, एक हिरवी, एक निळी रंगवायची आणि चौथीवर तिन्ही रंगांचे पट्टे ओढायचे. ठोकळा फेकला की खाली आलेल्या बाजूवर लाल रंग असण्याची शक्यता १/२, कारण लाल दोन बाजूंवर आहे. हिरव्या-निळ्याचंही तसंच. लाल आणि हिरवा दोन्ही फक्त चौथ्या बाजूवर, म्हणून १/४. तिन्ही रंगही त्याच बाजूवर, म्हणून तेही १/४. हा आपल्या नाण्यांचाच खेळ आहे, रंगीत कपडे घालून आलेला. पट्ट्यांची बाजू म्हणजे छापा-छापा. कोल्मोगोरोव्ह यांनी १९३३ साली ज्या छोट्या पुस्तकात संभाव्यतेचा आधुनिक पाया घातला, त्यातही चार शक्यतांचं हे उदाहरण बर्नश्टाइन यांचं म्हणूनच आलं आहे.

पण बर्नश्टाइन यांच्याही आधी गेओर्ग बोलमान या जर्मन विमागणितज्ञाने ही खोच ओळखली होती. १९०८ साली रोमला भरलेल्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत आयुर्विम्यातल्या संभाव्यतेवर बोलताना त्यांनी अनेक घटनांच्या स्वातंत्र्याची व्याख्या नीट मांडली आणि जोड्या तपासणं पुरत नाही हे उदाहरणानिशी दाखवलं. विम्याच्या माणसाला हे आधी सुचावं यात मला तरी नवल वाटत नाही. अनेक जोखमी एकाच वेळी अंगावर आल्या तर काय, हीच तर त्याची काळजी.

तर मग जोड्यांचा सगळा हिशेब हातात असताना तिघींबद्दल आपल्याला नेमकं किती माहीत असतं? याचं उत्तर सोपं आहे आणि पाठ्यपुस्तकांत क्वचितच दिसतं, म्हणून ते जरा सावकाश बघू.

समजा तीन घटना आहेत आणि आपण ८०० वेळा प्रयोग केला. प्रत्येक घटना ४०० वेळा घडली आणि प्रत्येक जोडी २०० वेळा एकत्र घडली. जोड्या अगदी ठाकठीक. तिन्ही एकत्र किती वेळा घडल्या? हा आकडा माहीत नाही. त्याला ‘क’ म्हणू. पहिली आणि दुसरी मिळून २०० वेळा घडल्या, त्यात तिसरीही असलेल्या ‘क’ वेळा आहेत. म्हणून तिसरीशिवाय फक्त या दोघी घडल्या त्या २०० वजा क वेळा. बाकीच्या दोन जोड्यांनाही हाच आकडा. आता पहिली एकटीच किती वेळा घडली? तिच्या ४०० मधून फक्त दुसरीबरोबरच्या आणि फक्त तिसरीबरोबरच्या वेळा वजा करायच्या, तिघींची वेळही वजा करायची. उरतात बरोबर ‘क’. आणि एकही न घडण्याच्या वेळा पुन्हा २०० वजा क.

म्हणजे आठ खणांची एक मांडणी आहे आणि तिच्यात एकच खुंटी मोकळी आहे. ‘तिन्ही’चा खण आणि ‘एकटी’चे तीन खण एकदम वर जातात, तेव्हा ‘फक्त दोघी’चे तीन आणि ‘एकही नाही’चा एक असे चार खण तितकेच खाली येतात. क शंभर असेल तर आठही खणांत शंभर-शंभर, आणि तेच खरं परस्पर स्वातंत्र्य. क दोनशे असेल तर आपली नाणी: तिन्ही घडतील नाहीतर एकटीच घडेल, नेमक्या दोन कधीच घडणार नाहीत. क शून्य असेल तर तिन्ही एकत्र कधीच येणार नाहीत. नाण्यांच्या खेळात ‘सारखी’ऐवजी ‘वेगळी’ पडणं ही तिसरी घटना मानली की हे होतं. आणि या तिन्ही परिस्थितींत जोड्यांचे तक्ते अगदी तेच, तंतोतंत तेच. जोड्या पाहून तिघी मिळून येतील की एकमेकींना टाळतील, यातली दिशासुद्धा कळत नाही.

नेहमीचे सांख्यिकीय आकडेही इथे दगा देतात. दर वेळी तीनपैकी किती घटना घडल्या ते मोजलं तर सरासरी दीड येते. चढउताराचं माप, ज्याला विचरण म्हणतात, ते पाऊण येतं. तीन खरोखर स्वतंत्र नाणी उडवून छापे मोजले तरी सरासरी दीड आणि विचरण पाऊणच. हा योगायोग नाही. विचरणाच्या सूत्रात एका वेळी दोनच घटना गाठ घेतात, म्हणून जोड्या ठीक असल्या की विचरणही ठीकच येणार. पण आपल्या दोन नाण्यांच्या खेळात मोजणी एक किंवा तीन अशीच येते, शून्य किंवा दोन कधीही नाही. सरासरी आणि विचरण छापून अहवाल हातावेगळा करणाऱ्याला हे कळायला वावच नाही. ते शोधायचं तर तिन्ही स्तंभ एकत्र ठेवून आठ खणांचा तक्ता भरावा लागतो, दुसरा मार्ग नाही.

हे उदाहरण नाजूक आहे, हेही सांगायला हवं. नाणी खोटी असतील, म्हणजे दोन्हींवर छापा शंभरात साठ वेळा पडत असेल, तर जोड्यांचं स्वातंत्र्यही ढासळतं. मग दोन्ही छापे ३६ वेळा, दोन्ही काटे १६ वेळा, म्हणून नाणी ५२ वेळा सारखी पडतात. स्वातंत्र्य टिकायचं तर ‘रुपयावर छापा आणि नाणी सारखी’ हे ५२ च्या साठ टक्के, म्हणजे ३१.२ वेळा व्हायला हवं. प्रत्यक्षात होतं ३६ वेळा. रुपयावर छापा पडलेला दिसला की ‘सारखी’कडे पारडं झुकतं. जिन्यातल्या खऱ्या दिव्याचंही असंच बिनसतं. तो दिवसभर आणि बहुतेक रात्रही बंद असतो, त्यामुळे खालचं बटण बघून वरचं कसं असेल याचा अंदाज जवळपास अचूक बांधता येतो. बटणं छापा-काटा करून दाबली तरच तो दिवा आपल्या उदाहरणात बसतो.

मग असा घाट खऱ्या कामात कुठे भेटतो? जिथे माणसं तो मुद्दाम घालतात तिथे, आणि त्यातलं शेतीचं उदाहरण सगळ्यांत शिकवून जाणारं आहे.

समजा हरभऱ्यावर तीन गोष्टी तपासायच्या आहेत: नवं बियाणं, नवं खत आणि एक जादा पाणी. प्रत्येक गोष्ट देऊन बघायची आणि न देऊन बघायची, म्हणजे सगळ्या मिळून आठ तऱ्हा आणि आठ वाफे. जागा आणि पैसा चारच वाफ्यांपुरता आहे. मग चार वाफे असे निवडतात: पहिल्यात बियाणं आणि खत दोन्ही नवं, आणि जादा पाणी. दुसऱ्यात फक्त बियाणं नवं, जादा पाणी नाही. तिसऱ्यात फक्त खत नवं, जादा पाणी नाही. चौथ्यात दोन्ही जुनं, पण जादा पाणी. ओळखीचं वाटतंय? जादा पाणी म्हणजे ‘दोन्ही नाणी सारखी’. कुठल्याही दोन गोष्टी घ्या, त्यांच्या चारही जोड्या बरोबर एकदा येतात. समतोल उत्तम.

आता जमिनीत खरं काय घडतंय ते आपण आधीच ठरवून टाकू. आकडे हिशेबाच्या सोयीचे घेतले आहेत. पाण्याने काहीच होत नाही. नुसत्या बियाण्याने काही होत नाही, नुसत्या खतानेही नाही. दोन्ही एकत्र दिलं तरच एकरी ८ क्विंटलचे १२ होतात. मग आपल्या चार वाफ्यांत उत्पन्न येईल १२, ८, ८, ८. जादा पाण्याच्या दोन वाफ्यांची सरासरी १२ आणि ८ मिळून १०. पाणी न दिलेल्या दोन वाफ्यांची ८. निष्कर्ष निघाला की जादा पाण्याने एकरी दोन क्विंटल वाढतात! पाण्याने काहीच केलेलं नसताना हे श्रेय त्याच्या नावावर जमा झालं, कारण बियाणं आणि खत यांची जोडी जमणं आणि पाणी मिळणं या गोष्टी या मांडणीत एकमेकींपासून वेगळ्या काढताच येत नाहीत. वाफे वाढवून हीच चौकडी दहादा लावली तरी चूक तिथेच राहील, उलट आकडा अधिक खात्रीचा वाटू लागेल.

उरलेले चार वाफे लावले की मात्र गाठ सुटते. त्यांत नवं बियाणं, नवं खत आणि जादा पाणी नाही अशा वाफ्याला १२ येतील, बाकी तिघांना ८. आता पाण्याच्या चार वाफ्यांची बेरीज १२, ८, ८, ८ आणि बिनपाण्याच्या चारांचीही तीच. दोन्हीकडे सरासरी ९. पाण्याचा फरक शून्य, जो खरा होता तो.

याचा अर्थ चार वाफ्यांची मांडणी टाकाऊ आहे असा नाही. बियाणं, खत आणि पाणी यांतल्या कुठल्याही दोन गोष्टी एकमेकींत मिसळून वेगळं काही करत नाहीत, याची आधीपासून खात्री असेल तर चार वाफ्यांत तिन्ही गोष्टींचा परिणाम स्वच्छ मिळतो आणि निम्मा खर्च वाचतो. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काम करणारे सी. आर. राव यांनी अशा मांडण्यांचा सिद्धांत १९४७ साली मांडला. आज त्या ऑर्थोगोनल अ‍ॅरे म्हणून जगभर वापरल्या जातात. त्यात मांडणीचं बळ सांगायची रीत आहे: किती स्तंभ एकदम घेतले तरी समतोल टिकतो, तेवढं तिचं बळ. आपल्या चार ओळींचं बळ दोन. आठ ओळींचं तीन. प्रयोग आखणारा माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो, कारण स्वस्त मांडणी घेताना आपण कुठल्या प्रश्नाचं उत्तर सोडून देतोय ते त्या आकड्यातून कळतं.

संगणकशास्त्रात हाच सौदा फार मोठ्या प्रमाणावर करतात, कारण तिथे यादृच्छिक अंक मिळवणं हेही खर्चाचं काम असतं. दोन नाण्यांतून तीन जोडीजोडीने स्वतंत्र निकाल निघाले. तसे दहा नाण्यांतून १०२३ निघतात. नाण्यांचा कुठलाही एक गट घ्यायचा, त्यातले छापे मोजायचे, विषम आले तर १ आणि सम आले तर ० लिहायचं. दहा नाण्यांचे असे गट, रिकामा सोडून, १०२३ होतात. त्यांतले कुठलेही दोन निकाल एकमेकांना अनोळखी. सरासरी आणि विचरणावर भागणाऱ्या कामाला हे १०२३ निकाल खऱ्या स्वतंत्र निकालांइतकेच चालतात, आणि खर्च दहाच नाण्यांचा. मात्र त्यांत १ किती आले ते मोजलं तर उत्तर दर वेळी ५१२ येतं. ५११ नाही, ५१३ नाही. अपवाद एकच, दहाही नाण्यांवर काटा पडला तर सगळे १०२३ निकाल एकदम शून्य होतात. खऱ्या स्वतंत्र निकालांत असं होण्याची शक्यता लिहायची तर छेदात तीनशेहून जास्त अंकी संख्या लागते. इथे ते १०२४ वेळांत सरासरी एकदा होतं.